पहिला पगार आणि बँकेचा खातेउतारा

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलामुलींसाठी सभागृहात झालेले भाषण. पडद्यावर दाखवलेले नमुने येथे अक्षरांत मांडले आहेत. कंसातले आकडे माझ्या खुणा आहेत.)

सेक्रेटरीसाहेबांनी मला अर्धा तास दिला आहे आणि माईक परत घ्यायला ते समोरच बसले आहेत, म्हणून लगेच विषयाला हात घालतो.

बँकेत होतो तेव्हा काउंटरपलीकडून एक प्रश्न रोज यायचा, "साहेब, माझे पैसे का कापले?" तेव्हा पासबुक होतं, आता मोबाइलवर पीडीएफ येते. प्रश्न मात्र तोच आहे. विचारणाऱ्या दहांपैकी आठांनी तो उतारा उघडलेलाच नसतो. एसएमएसमधला शिल्लकेचा आकडा बघायचा आणि पुढे जायचं, अशी सवय असते. आज मी सगळा उतारा शिकवणार नाही. आपल्याच बी विंगमधल्या एका मुलाच्या खात्यावरचे गेल्या ऑक्टोबरमधले अकरा दिवस तेवढे दाखवणार आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव सांगणार नाही, आणि दुकानांची व कंपनीची नावे बदलली आहेत. तो इथेच बसला आहे, पण मागे वळून शोधू नका.

मुलगा नोकरीला लागून वर्ष झालं होतं. पगार दर महिन्याच्या ७ तारखेला. वर्षाच्या सुरुवातीला त्याने हप्त्याने मोबाइल घेतला होता, त्याचा हप्ता २,४९९ रुपये, दर महिन्याच्या ५ तारखेला. ही तारीख लक्षात ठेवा. हप्ता पगाराच्या दोन दिवस आधी जातो, म्हणजे मागच्या महिन्याच्या पगारातले पैसे पाच तारखेपर्यंत टिकवावे लागतात. पोरगा हिशेबी आहे. त्याने पैसे बाजूला ठेवले होते, आणि तरीही तो माझ्याकडे आला. म्हणाला, "आजोबा, मी हप्त्याचे पैसे ठेवले होते. बँकेने फुकट २९५ रुपये कापले, आणि वर कंपनीवाले म्हणतात हप्ता आलाच नाही."

मी म्हटलं, उतारा दाखव. हा पहिला नमुना.

```
Account Type: SB-SALARY
Opening Balance 01-10-2025   3,412.00 Cr  (1)

Date   Narration                 Debit     Balance
01-10  UPI/DR/5274XXXXXXXX/
       KIRANA STORES            340.00    3,072.00
02-10  UPI/DR/5275XXXXXXXX/
       SWEETS                   345.00    2,727.00
03-10  DC ANNUAL FEE INCL GST   236.00    2,491.00 (2)
06-10  ACH DR RTN CHG 051025    295.00    2,196.00 (3)
```

आधी पहिली खूण. शिल्लकेपुढे Cr लिहिलंय. Cr म्हणजे जमा, Dr म्हणजे नावे. मुलं मला विचारतात, पैसे माझे, मग ते बँकेच्या कागदावर जमा कसे? कारण हा कागद तुमचा नाही, बँकेच्या वहीची ती नक्कल आहे. तुमचे पैसे म्हणजे बँकेने तुम्हाला द्यायची रक्कम, म्हणून बँकेच्या वहीत ती जमेच्या बाजूला. बचत खात्याच्या शिल्लकेपुढे कधी Dr दिसलं तर दचका, कारण तेव्हा तुम्ही बँकेचे देणेकरी झालेले असता.

आता वाचायची पद्धत. सगळे लोक Narration वाचायला सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात, कारण ती भाषा माणसासाठी लिहिलेली नसते. तुम्ही उजवीकडून सुरुवात करा. शिल्लकेचा रकाना वरून खाली वाचत या आणि प्रत्येक ओळीला मनात वजाबाकी करा. ३,४१२ मधून ३४० गेले, ३,०७२. बरोबर. त्यातून ३४५ गेले, २,७२७. बरोबर. दसऱ्याची मिठाई होती ती, मला आठवतंय, कारण दसरा आणि गांधी जयंती गेल्या वर्षी एकाच दिवशी आली होती. आता २,७२७ असताना मुलाने काय केलं? हप्ता २,४९९, म्हणजे २२८ रुपये जास्तच आहेत, असा हिशेब करून तो निवांत झाला. चुकला नव्हता तो. दोन तारखेपर्यंत त्याचा हिशेब अगदी बरोबर होता.

तीन तारखेला दुसरी खूण आली. DC म्हणजे डेबिट कार्ड. कार्डाची वार्षिक फी. पहिलं वर्ष फुकट होतं, दुसऱ्या वर्षापासून फी लागू, असं खातं उघडताना दिलेल्या दरपत्रकात लिहिलेलं होतं. वर्ष भरलं आणि फी लागली. एसएमएस आला होता, त्याने पाहिला नाही. २३६ रुपये गेले आणि शिल्लक उरली २,४९१.

हप्ता २,४९९. कमी पडले आठ रुपये.

इथे थोडं थांबतो. २३६ हा आकडा बघा. कोणी कधी २३६ रुपये फी ठेवेल का? फी २०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ३६ रुपये. उताऱ्यात असा विचित्र आकडा दिसला की त्याला १.१८ ने भागून पाहा. गोल आकडा आला तर ते बहुधा बँकेचं शुल्क असतं. ५९ म्हणजे ५०, ११८ म्हणजे १००, १७.७० म्हणजे १५, २९५ म्हणजे २५०. एटीएमचे महिन्याचे मोफत व्यवहार संपल्यावर पैसे काढले की २७.१४ ची ओळ दिसते, ती म्हणजे २३ रुपये अधिक जीएसटी. १ मे २०२५ पासून रिझर्व्ह बँकेने एका व्यवहाराला २३ रुपयांपर्यंत शुल्क घ्यायला परवानगी दिली आहे. ही भागाकाराची युक्ती कोणत्याही पुस्तकात नाही, काउंटरवर बसून बसून लागलेली सवय आहे. पण निम्म्या तक्रारी तिथल्या तिथे मिटतात.

आता तिसरी खूण, आणि आजच्या भाषणाचा गाभा तोच आहे. पुन्हा तारखा वाचा. तीन तारखेनंतर थेट सहा तारीख. पाच तारखेची ओळच नाही! ज्या दिवशी सगळं घडलं, त्या दिवसाबद्दल उतारा एक अक्षर बोलत नाही.

असं का होतं ते सांगतो. तुम्ही हप्त्याने वस्तू घेता तेव्हा एका फॉर्मवर किंवा मोबाइलवर संमती देता, की माझ्या खात्यातून दर महिन्याला इतके पैसे घ्या. त्याला मॅन्डेट म्हणतात. प्रत्येक मॅन्डेटला वीस अक्षरांचा एक क्रमांक असतो, त्याला UMRN म्हणतात. त्या संमतीच्या जोरावर कर्ज देणारी कंपनी ठरलेल्या तारखेला तुमच्या बँकेकडे मागणी पाठवते. हे काम ज्या यंत्रणेतून चालतं तिचं नाव नॅच, आणि ती चालवते नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन. उताऱ्यात ती ACH या अक्षरांनी दिसते. जुन्या लोकांना ईसीएस आठवत असेल, त्याचीच ही पुढची पिढी.

मागणी आली की बँकेचा संगणक एकच गोष्ट बघतो, पूर्ण रक्कम आहे का? २,४९१ आहेत, २,४९९ हवेत. मग २,४९१ देऊन टाकू, आठ रुपये नंतर देईल, असं संगणक म्हणत नाही. पूर्ण नाही तर काहीच नाही. मागणी परत जाते. पैसे हललेच नाहीत, म्हणून काही बँकांच्या उताऱ्यात ओळही उमटत नाही. काही बँका आधी रक्कम नावे टाकून लगेच तीच जमा दाखवतात, म्हणजे एकसारख्या रकमेच्या दोन उलट ओळी येतात. दोन्हींचा अर्थ एकच. पण त्या मुलाच्या बँकेत फक्त दुसऱ्या दिवशी दंडाची ओळ आली. RTN CHG म्हणजे परत गेल्याचं शुल्क, आणि पुढे 051025 म्हणजे कोणत्या तारखेच्या मागणीबद्दल, ते. ती सहा अक्षरं वाचली असती तर त्याला सहा तारखेलाच कळलं असतं. त्याने वाचलं फक्त २९५.

आणखी एक. पाच ऑक्टोबरला रविवार होता. मुलगा म्हणाला, "रविवारी बँक बंद असते ना, मग हप्ता सोमवारी जायला हवा होता." पूर्वी तसंच होतं. मी नोकरीत असताना सुट्टी आली की मागणी पुढच्या कामाच्या दिवशी यायची आणि लोकांना एक दिवसाची उसंत मिळायची. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच वर्षाचे सगळे दिवस चालतं. रविवार नाही, दिवाळी नाही. आणि मागणी दिवसा किती वाजता येईल हे तुमच्या हातात नाही, म्हणून पैसे आदल्या संध्याकाळपर्यंत खात्यात हवेत. पाच तारखेला दुपारी मित्राकडून मागून टाकलेले पैसे बहुतेक वेळा उशिरा पोचलेले असतात.

आता पुढचे पाच दिवस बघू. दुसरा नमुना.

```
Date   Narration              Debit      Credit     Balance
07-10  NEFT CR-SALARY
       SEP 2025                       28,640.00   30,836.00 (4)
08-10  UPI/DR/5281XXXXXXXX/
       SELF-HOME          12,000.00               18,836.00
09-10  ACH D-XYZ FINANCE-
       XXXX4471            2,499.00               16,337.00 (5)
11-10  ACH D-XYZ FINANCE-
       BOUNCE CHG            450.00               15,887.00 (6)
```

चौथी खूण पगाराची. ती ओळ बघून खूश व्हा, पण नंतर ती पगारपत्रकाशी जुळवा. पत्रकावरचा निव्वळ पगार आणि इथली रक्कम रुपयाला रुपया जुळली पाहिजे. महाराष्ट्रात फेब्रुवारीच्या पगारातून व्यवसाय कर २०० ऐवजी ३०० कापतात, त्यामुळे त्या महिन्यात शंभर रुपये कमी दिसले तर घाबरू नका, पत्रकात कारण सापडेल. Account Type कडेही वर्षातून एकदा नजर टाका. नोकरी बदलली आणि काही महिने या खात्यात पगार आला नाही, तर बँक त्या खात्याचं साध्या बचत खात्यात रूपांतर करते, आणि मग किमान शिल्लक ठेवायची अट लागू होते. नोकरी सोडणाऱ्या मुलांचं पहिलं खातं असंच कुठेतरी पडून राहतं आणि दंड खात बसतं.

पाचवी खूण. कंपनीने मागणी पुन्हा पाठवली आणि यावेळी ती पास झाली. परत गेलेली मागणी पुन्हा येऊ शकते, हे माहीत असायला हवं. म्हणून पगार झाल्यावर "हप्ता गेलाच नाही, ते पैसे उरले" असं समजून खर्च करू नका. दुसऱ्यांदाही परत गेली तर बँकेचा दंडही दुसऱ्यांदा लागतो.

सहावी खूण कंपनीचा दंड, ४५० रुपये. इथे मुलगा चिडला. "एकाच चुकीला दोन दंड?" होय, कारण करार दोन आहेत. २९५ तुमच्या बँकेने घेतले, मागणी परत करण्याचं काम केलं म्हणून. ४५० कंपनीने घेतले, कर्जाच्या करारात तसं कलम आहे म्हणून. दोघांना एकमेकांचं काही माहीत नसतं. आठ रुपयांपायी ७४५ रुपये गेले.

आणि उताऱ्यात न दिसणारी एक गोष्ट राहिलीच. कर्ज देणारे तुमच्या परतफेडीची माहिती क्रेडिट ब्युरोंना कळवतात. २०२५ च्या जानेवारीपासून ती महिन्यातून दोनदा जाऊ लागली, पंधरा तारखेची आणि महिनाअखेरची स्थिती. आपल्या मुलाचा हप्ता ९ तारखेला वसूल झाला, त्यामुळे पंधरा तारखेला थकबाकी उरली नव्हती. तोच पंधराच्या पुढे गेला असता, तर उद्या घरासाठी कर्ज मागताना बँकेच्या अधिकाऱ्याने विचारलं असतं. मी स्वतः अशी विचारपूस केलेली आहे आणि समोरच्याला बहुतेक वेळा काही आठवत नसतं. कायद्याच्या बाजूने सांगायचं तर, पुरेसे पैसे नसल्यामुळे मागणी परत जाणं आणि नंतर रीतसर नोटीस येऊनही पैसे न भरणं, हा २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली गुन्हा आहे, जसा न वटलेल्या चेकचा असतो तसाच. आठ रुपयांसाठी कोणी कोर्टात जात नाही, पण हप्ता बुडवणं म्हणजे मोबाइल रिचार्ज विसरणं नव्हे.

मी त्याला काय करायला सांगितलं, ते सांगतो. एक, बँकेला २९५ परत मागू नकोस, शुल्क दरपत्रकात आहे, परत मिळणार नाही. (तरीही त्याने मागितले. मिळाले नाहीत.) दोन, कंपनीला लिहून विनंती कर, की पगार ७ तारखेला होतो, हप्त्याची तारीख १० करा. काही कंपन्या करतात, काही नाही. तिसरं, मॅन्डेट बँकेतून बंद करायला निघाला होता, ते मी थांबवलं. मॅन्डेट बंद केल्याने कर्ज बंद होत नाही. हप्ता देणं तसंच राहतं, फक्त तो आपोआप जायचा रस्ता बंद होतो आणि दंड वाढत जातो.

आता अनोळखी ओळींबद्दल, कारण भीती सगळ्यांना त्यांचीच वाटते. वेगवेगळ्या मुलांनी मला दाखवलेल्या या तीन ओळी.

```
27-05  PMJJBY RENEWAL              436.00  (7)
10-06  ACH D-INDIAN CLEARING CORP 1,000.00  (8)
14-06  UPI/MANDATE/5165XXXXXXXX     199.00  (9)
```

तिघांनाही वाटलं होतं की फसवणूक झाली. तिन्ही ओळी खऱ्या निघाल्या. ४३६ हा पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचा वार्षिक हप्ता, मेच्या शेवटच्या आठवड्यात जातो. खातं उघडताना फॉर्मवर टिक झालेली असते. नको असेल तर बँकेला लेखी कळवून बंद करता येतो, पण दोन लाखांचा विमा आहे, आधी घरी विचारा. त्याच सुमारास वीस रुपयांची ओळ दिसली तर ती अपघात विम्याची. आठवी ओळ त्या मुलीच्या स्वतःच्या एसआयपीची. तिने म्युच्युअल फंडाचं नाव शोधलं, पण पैसे आधी इंडियन क्लिअरिंग कॉर्पोरेशनकडे जातात आणि तिथून फंडाकडे, म्हणून उताऱ्यात त्यांचं नाव. नववी ओळ एका ॲपची. पहिला महिना फुकट म्हणून संमती दिली, नंतर ॲप फोनवरून काढून टाकलं. ॲप काढलं तरी संमती राहते. ती यूपीआय ॲपमध्ये ऑटोपे नावाच्या जागी जाऊन रद्द करावी लागते. असे पैसे जाण्याच्या किमान चोवीस तास आधी सूचना येते, तीही आपण वाचत नाही.

म्हणून ओळ अनोळखी दिसली की आधी रक्कम आणि तारीख धरून मागच्या दोन-तीन महिन्यांत तीच रक्कम गेली आहे का ते बघा. दर महिन्याला त्याच सुमारास जात असेल, तर बहुधा तुम्हीच कधीतरी संमती दिलेली आहे. पूर्वी कधीच नव्हती, १.१८ चा भागाकारही बसत नाही, घरातलं कोणी काही घेतलेलं नाही, तर मग वेळ घालवायचा नाही. इथे दिवस मोजले जातात.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे, चूक तुमची नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेतून पैसे गेले, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं की तुमची जबाबदारी शून्य. संदेश मिळाला तो दिवस यात धरत नाहीत. चौथ्या ते सातव्या दिवशी कळवलं, तर साध्या बचत खात्याला कमाल दहा हजार रुपयांपर्यंत नुकसान तुमच्या माथी येऊ शकतं. सातनंतर बँकेच्या धोरणावर. कळवल्यावर दहा कामाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती तुमच्या खात्यात जमा दाखवायची असते. पण स्वतः ओटीपी किंवा पिन कोणाला सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचंच. कळवताना व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक द्या, UPI च्या ओळीत तो मधोमध असतो, मी वर अर्धा झाकला आहे. तक्रारीचा नंबर आणि वेळ लिहून घ्या. काउंटरवर तोंडी सांगून आलेल्या माणसाला तिसरा दिवस कोणता होता हे सिद्ध करता येत नाही, हे मी दोन-तीनदा डोळ्यांनी पाहिलं आहे. सायबर फसवणूक वाटत असेल तर बँकेबरोबरच १९३० या क्रमांकावरही लगेच कळवा.

या तीन दिवसांमुळेच मी म्हणतो, की महिनाअखेरची पीडीएफ पुरेशी नाही. पीडीएफ येईपर्यंत तीन दिवस केव्हाच उलटलेले असतात. आठवड्यातून एकदा, रविवारी चहा घेताना, मोबाइलवरचा उतारा वरून खाली उतरवायचा. पाच मिनिटं लागतात. एसएमएस सगळेच वाचले तर उत्तमच, पण जाहिरातींच्या गर्दीत ते होत नाही, हे मला माझ्याच फोनवरून माहीत आहे.

सेक्रेटरीसाहेब घड्याळ बघताहेत. त्या मुलाचं पुढे काय झालं एवढं सांगतो. कंपनीने तारीख बदलून दिली नाही. मग त्याने दर महिन्याच्या तीन तारखेला फोनवर आठवण लावली आणि हप्त्याच्या वर पाचशे रुपये राखायला सुरुवात केली. पाच नोव्हेंबरला गुरुनानक जयंतीची बँकेला सुट्टी होती. सकाळी नऊच्या आधी त्याचा मला संदेश आला, सोबत उताऱ्याच्या एका ओळीचा फोटो.

```
05-11  ACH D-XYZ FINANCE-XXXX4471   2,499.00    612.00 Cr
```